बोलणी अर्ध्यावर थांबली तर काय करावे?

कापडाच्या धंद्यात असे नेहमी घडते. गिऱ्हाईक दुकानदार माल पाहतो, हात फिरवतो, घासाघीस करून दर खाली आणतो आणि "दोन दिवसांत पक्के सांगतो" म्हणून जातो. मग चार दिवस, आठ दिवस काहीच नाही. फोन उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र येत नाही. आपल्या सुपे-बारामती भागातले पुष्कळ भाई अशा वेळी दोनपैकी एक करतात. काही जण रोज फोन करून समोरच्याला हैराण करतात. काही जण रुसून बसतात आणि महिनाभर माल अडकवून ठेवतात. दोन्हींत नुकसान आपलेच आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक काम आधी करावे. फोन बाजूला ठेवून समोरच्याच्या दुकानाचा हिशेब आपण मांडून पाहावा. बोलणे झाले त्या दिवसापासून आजपर्यंत त्याच्या धंद्यात काय बदलले? मालात खोट असती किंवा दर जास्त वाटला असता, तर त्याने घासाघीस केलीच नसती. घासाघीस करून जो गप्प होतो, त्याचे कारण बहुधा त्याच्या गल्ल्यात किंवा कॅलेंडरात असते.

2025 सालचेच उदाहरण घ्या. समजा, सुप्यातील एका तयार कपड्यांच्या छोट्या घाऊक व्यापाऱ्याने 12 ऑगस्टला इंदापूरच्या एका दुकानदाराशी 60 कुर्ता-पायजमा जोड्यांचे बोलणे केले. दर 1200 रुपये, वर कर. दुकानदार खूश होऊन गेला आणि नंतर चिडीचूप. मधल्या काळात काय घडले? 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितले की जीएसटीचे दर दिवाळीपर्यंत कमी होणार. पाठोपाठ बारा टक्क्यांचा टप्पाच जाणार अशा बातम्या आल्या. त्या वेळी हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्यावर 12 टक्के कर होता. म्हणजे 1200 च्या जोडीवर 144 रुपये. तोच कर 5 टक्के झाला तर 60 रुपये. साठ जोड्यांवर एकीकडे 8640 आणि दुसरीकडे 3600. आता सांगा, दुकानदाराने लगेच बिल का फाडून घ्यावे? खरेदीवर भरलेला जादा कर त्याच्या खात्यात जमा राहतो, बुडत नाही, हे खरे. पण नवा दर लागल्यावर त्याच्या विक्रीवर कर कमी बसणार, म्हणून ती जमा वळती व्हायला वेळ लागतो आणि तोवर भांडवल अडकते. शिवाय शेजारचा दुकानदार पुढे कमी करात घेतलेला माल मांडणार, ही भीती वेगळीच.

वर कॅलेंडर पाहा. 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी, 5 सप्टेंबरला ईद-ए-मिलाद, 8 सप्टेंबरपासून पितृपंधरवडा. पंधरवड्यात आपले हिंदू भाऊ नवे कपडे सहसा घेत नाहीत, त्यामुळे गावचा दुकानदार त्या दिवसांसाठी माल भरत नाही. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने नवे दर ठरवले आणि ते 22 सप्टेंबरपासून, नेमके घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाले. अडीच हजारांपर्यंतचा तयार कपडा 5 टक्क्यांत आला. अडीच हजारांवरचा मात्र 18 टक्क्यांत गेला. म्हणून लग्नाच्या भारी शेरवानीचे बोलणे करून गप्प बसलेले गिऱ्हाईक 3 तारखेनंतर उलट घाईला आले असते! एकच बातमी, पण एका मालाचे गिऱ्हाईक थांबवते आणि दुसऱ्याचे पळवते.

आता आपल्या सुप्याच्या व्यापाऱ्याने काय करावे? 18 ऑगस्टला, म्हणजे सहाव्या दिवशी, एकच निरोप पाठवावा. "काय झाले शेठ?" असे विचारू नये. त्याला उत्तर देणे अवघड जाते, कारण मन बदलले किंवा पैसे नाहीत, हे कोण लिहून देईल? निरोप असा असावा: "नमस्कार शेठ. 1200 चा दर शनिवार संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी राखला आहे. ईद-ए-मिलादसाठी 20 जोड्या आता घ्या, बाकीच्या 40 नवा कर लागल्यावर उचला. कर बिलाच्या तारखेचा लागेल. 40 जोड्यांसाठी थोडा विसार पाठवा. या वेळी जमत नसेल तर तेवढेच कळवा, राग नाही."

यात त्याची अडचण आपण ओळखली आहे आणि सौदा त्या अडचणीच्या मापाने कापून दिला आहे. 20 जोड्यांवर 2880 आणि 40 जोड्यांवर 2400, म्हणजे एकूण कर 5280. पहिल्या हिशेबापेक्षा 3360 रुपये कमी. "नाही" म्हणायची वाटही मोकळी ठेवली आहे. माझा अनुभव असा की ही वाट दिली की निम्मी माणसे "हो" म्हणायलाच फोन करतात.

कारण उधारीचे असेल तर हा निरोप उपयोगाचा नाही. आपली वही उघडून पाहा. मागची बाकी त्याच्याकडे असेल तर तो मालापासून नाही, आपल्यापासून तोंड लपवतो आहे. आमच्या तालुक्यात दुकानदाराची वसुली उसाच्या पैशावर असते. कारखान्याचा हप्ता शेतकऱ्याच्या खात्यात पडला नाही तर दुकानाची उधारी फिटत नाही आणि ती साखळी आपल्यापर्यंत येते. तिथे स्वतः जाऊन बसावे, जुन्या बाकीचे हप्ते बांधून घ्यावेत आणि नव्या मालाचे नाव त्याने काढेपर्यंत काढू नये.

राहिला प्रश्न मालाचा. गप्प बसलेल्या गिऱ्हाइकासाठी राखलेला माल दुसऱ्याला द्यावा का? आपले बरेच दीनदार भाई इथे अडतात, कारण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका भावाचा सौदा चालू असता त्यावर दुसऱ्याने सौदा करण्यास मनाई केली आहे. उलमा याचा खुलासा असा करतात की ही मनाई दोघांचे मन एका दरावर बसल्यानंतरची आहे. बोलणे अधांतरी असेल तर नाही. स्वतः प्रेषितांनी (स.) एका गरजू अन्सारीचे जाडेभरडे कापड आणि वाटी बोली लावून विकली होती. एकाने एक दिरहम सांगितला, तेव्हा त्यांनी जास्त कोण देतो असे विचारले आणि दोन दिरहम देणाऱ्याला दिली. हनफी फिकहप्रमाणे कबूल न होता मजलिस उठली की इजाब संपतो. देशाचा 1872 चा करार कायदाही तिथेच येतो: मुदत दिली असेल तर मुदत सरताच देकार संपतो, मुदत दिली नसेल तर वाजवी वेळ गेल्यावर. आता "वाजवी वेळ" किती, यावर भांडण होते. म्हणून दर सांगतानाच तारीख सांगावी.

पण शनिवार संध्याकाळपर्यंत राखतो म्हटले, तर शुक्रवारी दुसरा 1250 देत आला तरी माल हलवू नये. विसार घेतलेला नसेल तर अशी मुदत पाळायला कायदा आपल्याला बांधत नाही, मात्र आपण जबान दिलेली असते. शनिवारी मगरिबनंतर उत्तर नसेल तर "माल मोकळा केला" एवढी एक ओळ पाठवावी आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला फोन लावावा. ती ओळ गाळू नका. आठ दिवसांनी तोच दुकानदार टेम्पो घेऊन दारात येतो आणि "माझा माल कुठे?" विचारतो, तेव्हा दाखवायला तीच असते.