एकतीस तारखेचं गिऱ्हाईक

मोबाइलचा रिचार्ज महिन्याचा म्हणून मारायचा आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो संपायचा, हे आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. अठ्ठावीस दिवसांचे तेरा तुकडे केले की ३६४ दिवस होतात. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. यावरून लोकांची बरीच ओरड झाली, तेव्हा 'ट्राय'ने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला: कंपन्यांनी ३० दिवसांचेही प्लॅन ठेवावेत, आणि दर महिन्याला त्याच तारखेला नव्याने सुरू होणारेही. ती तारीख एखाद्या महिन्यात नसेलच, तर त्या महिन्याची शेवटची तारीख धरावी, असंही त्यात लिहिलं आहे.

माणसाला हे एकदा सांगितलं की कळतं. प्रोग्रामला मात्र 'एक महिना' ही गोष्टच नीट कळत नाही, कारण ती २८ पासून ३१ दिवसांपर्यंत काहीही असू शकते. एरवी बिलं बनवणारा प्रोग्राम वर्षानुवर्षं निमूट चालतो. त्याला कुणी हात लावतं ते दर बदलायच्या वेळी. आणि दर बदलायचा मुहूर्त नेमका महिन्याच्या पहिल्या तारखेचा असतो, म्हणजे सगळे घोटाळे जिथे दबा धरून बसलेले असतात त्याच्या अगदी शेजारचा. म्हणून नवा दर लागू करण्याआधी प्रोग्रामला खोटं कॅलेंडर दाखवायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याच्याकडून जगून घ्यायची, अशी चाचणी करतात.

एक उदाहरण धरून चालू. समजा, गृहनिर्माण सोसायट्यांचा हिशेब ठेवणारं एक ॲप आहे. महिन्याला २९० रुपये. १ मार्च २०२८ पासून दर ३४८ रुपये होणार. नियम असा, की १ मार्चला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या महिन्याला नवा दर, त्याआधी सुरू झालेल्याला जुना. २०२८ हे लीप वर्ष आहे, तेव्हा १ मार्चच्या आदल्या दिवशी २९ फेब्रुवारी.

पहिलं गिऱ्हाईक घेऊ ३१ जानेवारीला आलेलं. त्याचं पुढचं बिल २९ फेब्रुवारीला, मग ३१ मार्चला, मग ३० एप्रिलला. हे प्रोग्रामकडून काढून घ्यायच्या दोन रीती आहेत, आणि दोन्ही वाचायला सारख्याच शहाण्या वाटतात. एक, मागच्या बिलाच्या तारखेत महिना मिळवायचा. दुसरी, पहिल्या दिवसापासून मोजायचं: मूळ तारखेत एक महिना, दोन महिने, तीन महिने. पायथनमध्ये दोन्ही शेजारी शेजारी लिहून पाहा:

```python
from datetime import date
from dateutil.relativedelta import relativedelta

start = date(2028, 1, 31)
d = start
for n in range(1, 5):
    d = d + relativedelta(months=1)
    print(d, start + relativedelta(months=n))
```

उत्तर येतं ते असं:

```
2028-02-29 2028-02-29
2028-03-29 2028-03-31
2028-04-29 2028-04-30
2028-05-29 2028-05-31
```

डावीकडच्या रकान्यात फेब्रुवारीने तारीख २९ वर आणली आणि ती तिथेच राहिली. प्रोग्राम ३१ विसरला. पुढच्या वर्षी फेब्रुवारी २८ चा, म्हणजे तेव्हा २९ ची २८ होईल आणि मग कायमची २८. या घसरणीत गिऱ्हाइकाचे मार्चमधले दोन दिवस गेले आणि वाढलेला दरही दोन दिवस आधी लागला. रक्कम फुटकळ आहे, म्हणून तक्रार सहसा येत नाही. आणि तक्रार येत नाही म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं टिकतो.

जावास्क्रिप्टची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ३१ जानेवारीचा नुसता महिना बदलून फेब्रुवारी केला, तर '३१ फेब्रुवारी' तयार होते, आणि उरलेले दिवस पुढे ढकलून ती २ मार्च होते. साध्या वर्षी ३ मार्च. म्हणजे फेब्रुवारीचं बिल निघतच नाही! आमच्या ॲपमध्ये याचा अर्थ असा, की २९० चं शेवटचं बिल गायब, आणि गिऱ्हाइकाला थेट ३४८ चा दणका. इथे नुकसान दोघांचंही आहे, आणि हे फक्त महिन्याच्या शेवटी आलेल्यांच्या वाट्याला येतं. पंधरा तारखेच्या गिऱ्हाइकावर चाचणी केली तर सगळं कसं झकास चालतं.

आता हे कॅलेंडर पुढे सरकवायचं कसं? सर्व्हरच्या घड्याळाचे काटे फिरवणं हा पहिला सुचणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. त्या यंत्रावरची सुरक्षा प्रमाणपत्रं मुदतबाह्य ठरतात, ओटीपी जुळत नाहीत, नोंदवह्यांच्या तारखांची खिचडी होते. त्यापेक्षा 'आज कोणती तारीख?' हा प्रश्न प्रोग्रामने एकाच ठिकाणी विचारावा आणि चाचणीच्या वेळी तिथून हवी ती तारीख मिळावी, अशी रचना बरी. पायथनसाठी `freezegun` नावाचं साधन आहे, ते प्रोग्रामपुरता काळ गोठवतं. पैसे गोळा करून देणाऱ्या 'स्ट्राइप' कंपनीने तर यासाठी चाचणीची घड्याळंच दिली आहेत. खोटं गिऱ्हाईक त्या घड्याळाला बांधायचं आणि काळ पुढे न्यायचा. मागे नेता येत नाही.

यात एक खोच आहे. `freezegun` पायथनचं घड्याळ थांबवतं, डेटाबेसचं नाही. बिलाची तारीख डेटाबेसमधल्या `NOW()` वरून पडत असेल, तर बाकी सगळं २०२८ मध्ये आणि ती एक नोंद आजची. चाचणी तरीही 'पास' दाखवू शकते. म्हणून चाचणीनंतर कच्च्या नोंदी उघडून तारखांवरून एकदा नजर फिरवावीच.

दुसरं म्हणजे काळ उडी मारून पुढे न्यायचा नाही, एकेक दिवस चालवायचा. ३१ जानेवारीवरून थेट १ मेला पोहोचलात तर मधल्या रात्री काय घडलं ते दिसत नाही, आणि आमच्या उदाहरणातली खरी गंमत एका रात्रीत आहे: २९ फेब्रुवारीची रात्र उलटून १ मार्च उजाडतो ती.

या रात्रीसाठी दुसरं गिऱ्हाईक घेऊ, दर महिन्याच्या १ तारखेचं. त्याला १ मार्चला ३४८ रुपये लागायला हवेत. पैसे त्याच्या कार्डावरून आपोआप कापले जातात, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना गेली पाहिजे, रकमेसकट. म्हणजे ही सूचना फेब्रुवारीतच जाणार. सूचना बनवणारा प्रोग्राम विचारतो, 'आजचा दर काय?' उत्तर येतं २९०. पैसे कापणारा प्रोग्राम १ मार्चला तोच प्रश्न विचारतो आणि ३४८ कापतो. प्रत्येकाचं उत्तर आपापल्या दिवशी अचूक, गिऱ्हाईक मात्र फसवल्यासारखं. (ठरावीक रकमेचीच परवानगी घेतलेली असेल तर वाढीव रकमेसाठी गिऱ्हाइकाची नव्याने संमती लागते, ते वेगळंच.) दोन्ही प्रोग्राम वेगवेगळे तपासले तर हे कधीच सापडणार नाही. खोट्या कॅलेंडरवर दोघांना एकत्र चालवून सूचनेतली रक्कम आणि कापलेली रक्कम जुळते का, एवढंच पाहायचं.

आता सर्व्हरचं घड्याळ. बहुतेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. बिलं काढायचं काम रात्री साडेबाराला सुरू होत असेल, तर आपल्याकडे १ मार्च लागलेला असतो आणि सर्व्हरच्या लेखी २९ फेब्रुवारीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. त्याने जुना दर लावला तर १ तारखेच्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांचं बिल ५८ रुपयांनी कमी निघतं. चाचणीत काळ नेमका या क्षणावर गोठवायचा:

```python
@freeze_time("2028-02-29 19:00:00")
```

उलटाही प्रकार घडतो. २९ फेब्रुवारीच्या रात्री काम बंद पडलं आणि कुणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते हाताने सुरू केलं. आता एकतीस तारखेच्या गिऱ्हाइकाचं २९ फेब्रुवारीचं राहिलेलं बिल १ मार्चला निघतंय, आणि त्यावर ३४८ पडतात. या तिन्ही घोटाळ्यांचं मूळ एकच: दर विचारताना 'आज काय दर आहे?' असं विचारलं गेलं. विचारायला हवं होतं ते 'हा महिना ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवशी काय दर आहे?' हा एक प्रश्न बदलला की तिन्ही एका दमात सुटतात. माझ्या मते या सगळ्या चाचणीचा खरा लाभ एवढाच आहे, बाकी तपशील.

वार्षिक वर्गणीचं दुखणं लीप दिवसाशी जोडलेलं आहे. २९ फेब्रुवारी २०२८ ला वर्षाचे पैसे भरणाऱ्याची मुदत कधी संपते? प्रोग्रामने वर्षाच्या आकड्यात सरळ एक मिळवला तर २९ फेब्रुवारी २०२९ ही अस्तित्वात नसलेली तारीख तयार होते. पायथन अशा वेळी तिथल्या तिथे चूक दाखवून थांबतं, म्हणजे त्या दिवशी कुणालाही वर्गणी भरता येणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'ॲझ्युर' सेवेत २९ फेब्रुवारी २०१२ ला हेच घडलं. वर्षभर चालणारं प्रमाणपत्र बनवताना वर्षात एक मिळवला गेला, २०१३ मधली ती तारीख अवैध ठरली आणि सेवा कोलमडली. कंपनीने नंतर त्या महिन्याच्या बिलात ३३ टक्के सूट दिली. आणि शतकाचा नियमही विसरायचा नाही. २९ फेब्रुवारी १८९६ ला जन्मलेल्या मोरारजी देसाईंना पहिल्या 'खऱ्या' वाढदिवसासाठी आठ वर्षं थांबावं लागलं, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. २१०० हेही नसेल.

अपेक्षित उत्तरं प्रोग्रामला विचारून लिहायची नाहीत, हे पथ्य फार जण पाळत नाहीत. ती हिशेब खात्यातल्या माणसाने आधी कागदावर काढावीत: या गिऱ्हाइकाला या तारखेला इतके रुपये. शिवाय प्रत्येक खोट्या गिऱ्हाइकासाठी वर्षाअखेर तीन गोष्टी तपासाव्यात. बिलं बाराच निघाली का, दोन बिलांच्या मध्ये एखादा दिवस सुटला का, आणि एकच दिवस दोनदा आकारला गेला का.

एवढं करूनही खोट्या गिऱ्हाइकांची एक मर्यादा उरते. ती नवी कोरी असतात. खरी गिऱ्हाइकं जुन्या प्रोग्रामच्या हातून आधीच घसरलेली असू शकतात. हे ओळखायला सोपं आहे: सगळ्या गिऱ्हाइकांची बिलाची तारीख काढायची आणि तारखेनुसार मोजायची. २८ तारखेला अवाजवी गर्दी आणि २९, ३०, ३१ ला जवळजवळ शुकशुकाट दिसला, तर समजायचं की गेल्या काही फेब्रुवारींनी आपलं काम केलं आहे. अशा वेळी नावं आणि फोन नंबर झाकून खऱ्या नोंदींची प्रत घ्यायची आणि तीच खोट्या कॅलेंडरवर चालवायची. त्या लोकांना त्यांच्या मूळ ३१ तारखेवर परत न्यायचं, की २८ वरच ठेवून गेलेल्या दिवसांचे पैसे द्यायचे, हे मात्र प्रोग्रामर ठरवू शकत नाही. तो निर्णय हिशेब खात्याने आणि मालकाने मिळून १ मार्चच्या आधी घ्यायचा असतो, कारण त्यानंतर त्याच दिवसांचा हिशेब दोन वेगवेगळ्या दरांनी करावा लागतो.