सुरुवात कुठून करायची?

अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1945 साली एक गणित मांडलं. 77 खाद्यपदार्थांतून एका माणसाचा वर्षाचा सर्वांत स्वस्त आहार निवडायचा, पण 9 पोषक घटकांपैकी एकही कमी पडता कामा नये. त्यांनी अंदाजाने शोधलेला आहार 1939च्या भावांनुसार 39.93 डॉलरचा होता. जॉर्ज डॅन्झिग यांची सिंप्लेक्स पद्धत 1947मध्ये आली. त्याच वर्षी तिने हेच गणित हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर सोडवलं, तेव्हा खरं उत्तर 39.69 डॉलर निघालं.

या गणितातली प्रत्येक अट ‘किमान इतकं हवंच’ अशी आहे, आणि खरी अडचण तिथेच येते. सिंप्लेक्स एका चालणाऱ्या उत्तरापासून निघते आणि पायरीपायरीने त्याहून चांगल्या उत्तराकडे सरकते. अटी ‘जास्तीत जास्त इतकं’ अशा असतील, तर काहीच न घेणं हे चालणारं उत्तर असतं. इथे मात्र काहीच न घेणं म्हणजे उपाशी राहणं.

एक छोटा नमुना घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत. घेवडा x किलो, भाव 50 रुपये. पीठ y किलो, भाव 20 रुपये. प्रथिनांची आणि पिष्टाची अट अशी:

```
2x +  y ≥ 10
 x + 3y ≥ 15
```

गरजेपेक्षा जास्त झालेला भाग s1 आणि s2 या सरप्लस चलांनी वजा केला की बरोबरीची समीकरणं मिळतात. पण x आणि y शून्य ठेवले, तर s1 = −10 येतो आणि ऋण किंमत चालत नाही. म्हणून प्रत्येक समीकरणात एक आर्टिफिशियल चल मिळवतात, a1 आणि a2. त्यांचा अर्थ ‘अजून भरून न काढलेली तूट’. सुरुवातीला a1 = 10, a2 = 15. दोन्ही पद्धती इथपर्यंत सारख्याच आहेत. फरक आहे तो ही तूट घालवायच्या रीतीत.

टू-फेज पद्धत पहिल्या टप्प्यात भाव पूर्ण बाजूला ठेवते आणि फक्त a1 + a2 कमी करते. सुरुवातीची तूट 25. एक किलो पिठाने ती 4ने घटते, घेवड्याने 3ने, म्हणून आधी पीठ येतं. 5 किलो पिठात पिष्टाची अट भागते आणि प्रथिनांची तूट 5 उरते. मग घेवडा येतो, आणि 3 किलो घेवडा व 4 किलो पीठ इथे तूट शून्य होते. खर्च 230 रुपये. आता दुसरा टप्पा भाव पाहतो. पिष्ट गरजेपेक्षा एकेक एककाने वाढवत नेलं, तर दर एककाला 2 रुपये वाचतात. असं 15 एककांपर्यंत जाता येतं, मग घेवडा संपतो. उत्तर: 10 किलो पीठ, 200 रुपये.

बिग-एम पद्धत हे सगळं एकाच फेरीत करते. खर्चातच तुटीचा दंड धरायचा:

```
50x + 20y + M·a1 + M·a2
```

M प्रचंड मोठा असेल, तर तूट ठेवणं परवडतच नाही. वहीत M हे अक्षर तसंच ठेवलं, तर पद्धत निर्दोष आहे. ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात ती खुशाल वापरावी. संगणकाला मात्र M म्हणजे एक आकडा द्यावा लागतो, आणि तो किती मोठा असावा हे आधी कुणाला माहीत असतं?

M = 10 घेऊन पाहा. 5 किलो पिठानंतर पुढच्या किलोला 20 रुपये लागतात आणि दंड फक्त 10 वाचतो. घेवडाही परवडत नाही. हिशेब तिथेच थांबतो, a1 = 5 शिल्लक राहतो, आणि आपण समजतो की या अटी पाळणारं उत्तरच नाही. प्रत्यक्षात ते आहे. या गणितात M 20च्या वर हवा, कारण प्रथिनांचं शेवटचं एकक मिळवायला 20 रुपये पडतात. पण हे कळतं उत्तर सापडल्यावर.

मग M = 10¹⁸ घ्यावा का? नेहमीच्या संगणकी दशांश आकड्यात साधारण 15-16 अंक टिकतात. पिठाचा गुणक 20 − 4M लिहिताना ते 20 पुसलेच जातात. पुढे M असलेले भाग एकमेकांना कापतात तेव्हा खाली खरे भाव उरायला हवेत, पण उरतो तो पूर्णांकनाचा कचरा. वाचणारे ते 2 रुपये त्यात हरवले, की प्रोग्राम 230लाच सर्वोत्तम म्हणून थांबू शकतो. उत्तर अटींत बसतं, म्हणून चूक लक्षातही येत नाही. मला ही चूक पहिलीपेक्षा जास्त घातक वाटते.

टू-फेजमध्ये असा आकडा निवडावाच लागत नाही. शिवाय गणित खरंच अशक्य असेल, तर ती स्पष्ट सांगते. वरच्या गणितात ‘एकूण 4 किलोपेक्षा जास्त नको’ अशी अट घाला. पहिला टप्पा 9 तुटीवर अडतो. त्यापेक्षा कमी तूट शक्य नाही, आणि हा निकाल कुठल्याही M वर अवलंबून नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते: पहिल्या टप्प्याअखेर एखादा आर्टिफिशियल चल शून्य किमतीने बेसिसमध्ये राहिला, तर तो बाहेर काढावा, किंवा ती अट फालतू असेल तर ओळच गाळावी. नाहीतर तो दुसऱ्या टप्प्यात पुन्हा वाढू शकतो.

स्वतः प्रोग्राम लिहिणार असाल, तर टू-फेजच लिहा. आणि कुणी बिग-एमने काढलेलं ‘उत्तर नाही’ तुमच्यापुढे ठेवलं, तर ते मान्य करण्याआधी फक्त पहिला टप्पा चालवून पाहा.