कुंडलीचा चौकोन कसा वाचावा

लग्नसराईच्या दिवसांत घरोघरीं पत्रिकांची देवघेव सुरू होते. कागदावर एक चौकोन काढलेला असतो. त्यांत बारा घरें, प्रत्येक घरांत एकेक अंक, आणि कांहीं घरांतून ‘र’, ‘चं’, ‘मं’ अशीं ग्रहांचीं आद्याक्षरें. घरांतील एखादी सुशिक्षित व्यक्ति तो कागद हातांत घेते, ८ हा अंक असलेल्या घरांत ‘मं’ हें अक्षर पाहते, आणि मुलीला आठवा मंगळ आहे असें सांगून मोकळी होते. पुष्कळदां बोलणें तेथेंच थांबतें. परंतु त्या पत्रिकेंत वरच्या मधल्या घरांत ६ हा अंक असेल तर तो मंगळ आठवा नसून तिसरा असतो, आणि तिसऱ्या मंगळाला रूढीनेंही दोष मानलेला नाहीं. या एका घोटाळ्याचें मूळ इतकेंच कीं, घरांत लिहिलेला अंक हा घराचा अनुक्रमांक नव्हे. तो राशीचा अंक होय.

महाराष्ट्रांत प्रचलित असलेला चौकोन काढावयास अगदीं सोपा आहे. प्रथम एक चौकोन काढून त्याचे दोन्ही कर्ण जोडावे. मग चारी बाजूंचे मध्यबिंदु जोडून आंत दुसरा तिरपा चौकोन काढावा. म्हणजे मध्याभोंवतीं चार मोठीं, शंकरपाळ्यासारखीं घरें आणि कडेला आठ त्रिकोणी घरें तयार होतात. वरच्या बाजूचें मधलें मोठें घर हें नेहमीं पहिलें. तेथून डावीकडे वळावयाचें, म्हणजे घड्याळाच्या कांट्याच्या उलट. वरच्या डाव्या कोपऱ्याजवळचे दोन त्रिकोण हीं दुसरें व तिसरें घर. डाव्या बाजूचें मोठें घर चौथें. खालच्या डाव्या कोपऱ्यांतलीं दोन पांचवें व सहावें. खालचें मोठें घर सातवें. उजव्या खालच्या कोपऱ्यांतलीं आठवें व नववें. उजवीकडील मोठें घर दहावें. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यांतलीं अकरावें व बारावें. या जागा कधींही बदलत नाहींत, आणि म्हणूनच त्यांचे क्रमांक लिहिण्याचें कोणाला कारण पडत नाहीं.

बदलतात त्या राशी. मेष १, वृषभ २, मिथुन ३, कर्क ४, सिंह ५, कन्या ६, तूळ ७, वृश्चिक ८, धनु ९, मकर १०, कुंभ ११ आणि मीन १२, हा त्यांचा ठरलेला क्रम. जन्माच्या क्षणीं पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असेल तिला लग्न म्हणतात, आणि तिचा अंक पहिल्या घरांत लिहितात. पुढील घरांत पुढले अंक ओळीनें येतात. बारानंतर पुन्हां एक. लग्न या शब्दाचा विवाहाशीं येथें कांहीं संबंध नाहीं, हें सांगण्याची गरज पडते इतका तोही घोटाळा सार्वत्रिक आहे.

उदाहरणासाठीं सर्वांना ठाऊक असलेला एक क्षण घेऊं या: १५ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र, स्थळ दिल्ली. त्या वेळीं क्षितिजावर वृषभ रास उगवत होती. म्हणून पहिल्या घरांत २ हा अंक मांडावा; दुसऱ्यांत ३, तिसऱ्यांत ४, असें करीत अकराव्यांत १२ आणि बाराव्यांत १ येतो. आतां पंचांगांतून ग्रह घ्यावे. राहु वृषभेंत, म्हणजे २ अंकाच्या घरांत. तें पहिलें घर. मंगळ मिथुनेंत, म्हणून दुसऱ्या घरांत. रवि, चंद्र, बुध, शुक्र आणि शनि हे पांचही कर्केंत होते, तेव्हां ४ अंकाच्या तिसऱ्या घरांत त्यांची दाटी होते. गुरु तुळेंत, ७ हा अंक सहाव्या घरांत आहे, म्हणून गुरु सहावा. केतु वृश्चिकेंत, ८ हा अंक सातव्या घरांत, म्हणून केतु सातवा. ज्यानें अंकालाच घर समजून ही कुंडली वाचली, त्याला पांच ग्रह चौथे, गुरु सातवा आणि केतु आठवा दिसेल, आणि त्याचें पुढचें प्रत्येक विधान एका घरानें चुकेल.

घरांना परंपरेनें नांवें दिलेलीं आहेत: तनु, धन, सहज, सुख, सुत, रिपु, जाया, मृत्यु, धर्म, कर्म, लाभ आणि व्यय. पहिल्यावरून शरीर व स्वभाव, दुसऱ्यावरून कुटुंब व संचित द्रव्य, तिसऱ्यावरून भावंडें व पराक्रम, चौथ्यावरून माता, घर व वाहन पाहतात. पांचवें संततीचें व विद्येचें, सहावें शत्रु व रोगांचें, सातवें जोडीदाराचें. उरलेल्यांचे अर्थ नांवांतच आहेत. मात्र आठव्यावरून मृत्यूपेक्षां आयुर्मर्यादा पाहण्याचा प्रघात आहे, हें लक्षांत ठेवावें. कोणतेंही घर वाचतांना क्रम असा: घरांत रास कोणती, घरांत ग्रह कोणते, त्या राशीचा स्वामी दुसऱ्या कोणत्या घरांत जाऊन बसला आहे, आणि घरावर कोणाची दृष्टि आहे. नवशिक्या वाचकाला मोकळें घर दिसलें कीं तें निष्फळ वाटतें. तसें नसतें. वरील कुंडलींत दहावें घर रिकामें आहे. त्यांत कुंभ रास, तिचा स्वामी शनि, आणि तो तिसऱ्या घरांत आहे. शिवाय गुरूची पांचवी दृष्टि त्या घरावर पडते, कारण सहावें घर धरून पांच घरें मोजलीं कीं दहावें येतें. मोजतांना ज्या घरांतून आरंभ करावयाचा तेंही धरावयाचें, हा नियम सुटला तर दृष्टि शेजारच्या घरांत जाऊन पडते. सातवी दृष्टि सर्वच ग्रहांना आहे. मंगळाला त्याखेरीज चौथी व आठवी, गुरूला पांचवी व नववी, आणि शनीला तिसरी व दहावी मानतात.

येथें एक भेद स्पष्ट केलेला बरा. कोणता ग्रह कोणत्या राशींत होता हें गणित आहे आणि तें पडताळून पाहतां येतें. त्या ग्रहामुळें अमुक घडेल हा परंपरेचा विश्वास आहे, आणि त्याची परीक्षा घेतली गेली तेव्हां तो टिकला नाहीं. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी यांनीं हुशार मुलांच्या शंभर व मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवून त्यांतल्या प्रत्येकीं चाळीस सत्तावीस ज्योतिषांपुढें ठेवल्या. पत्रिका कोणत्या गटांतली हें ओळखावयाचें होतें. त्यांचीं उत्तरें सरासरीनें शेंकडा ४६ बरोबर आलीं, म्हणजे नाणें उडवून जितकीं आलीं असतीं तितकींही नाहींत. हा प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. पत्रिकेवरून स्थळ नाकारणाऱ्या घरानें कुंडली नीट वाचावी हें तर खरेंच, परंतु नीट वाचल्यावरही ती काय सांगूं शकत नाहीं याची जाणीव ठेवावी.

कुंडली चुकीची मांडली असेल तर ती ओळखण्याच्या कांहीं खुणा आकाशांतच आहेत, आणि त्यांना ज्योतिषी लागत नाहीं. राहु व केतु नेहमीं समोरासमोर, एकमेकांपासून सातव्या घरांत असले पाहिजेत. बुध सूर्यापासून २८ अंशांपेक्षां दूर जात नाहीं, म्हणून तो रवीच्या घरांत किंवा शेजारच्या घरांतच सांपडेल. शुक्र फार तर दोन घरें दूर. रवि आणि चंद्र एका घरांत असले तर जन्म अमावास्येच्या आसपासचा. समोरासमोर असले तर पौर्णिमेच्या. वरील उदाहरणांत दोघे एकत्र आहेत, आणि अमावास्या खरोखरच एका दिवसावर होती. रवीच्या राशीवरून महिना कळतो: मकरसंक्रांतीला, म्हणजे १४ जानेवारीच्या सुमारास, तो मकरेंत शिरतो आणि महिन्याला एक रास चालतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो कर्केंत असतो. पौषांत जन्मलेल्याच्या पत्रिकेंत रवि सिंहेचा दिसला तर कागद सरळ परत करावा.

रवीच्या घरावरून जन्मवेळही पडताळतां येते. सूर्योदयाच्या जन्मीं रवि पहिल्या घरांत असतो, दुपारीं दहाव्याच्या आसपास, सूर्यास्ताला सातव्यांत, आणि मध्यरात्रीं चौथ्यांत. मग १९४७ च्या मध्यरात्रीं तो तिसऱ्यांत कसा? ही शंका योग्य आहे, आणि तिचें उत्तर या चौकोनाची मर्यादा दाखवितें. आपण संबंध राशीला एक घर धरलें. पण लग्न हा राशींतला एक नेमका अंश असतो, आणि खरा चौथा भावमध्य त्यावरून गणितानें काढावा लागतो. त्या रात्रीं दिल्लीस तो कर्केच्या सुमारें २१ व्या अंशावर होता. रवि कर्केच्या २८ व्या अंशाजवळ होता, म्हणजे त्या बिंदूच्या अगदीं शेजारीं. यासाठींच काळजीनें केलेल्या पत्रिकेंत ‘भावचलित’ नांवाचा दुसरा चौकोन जोडतात. त्यांत हा रवि चौथ्यांत दिसतो. वेळ पडताळतांना एका घराचा फरक सोडून द्यावा. सहा घरांचा असेल तर सकाळ-संध्याकाळ लिहिण्यांत उलटापालट झाली आहे असें समजावें.

मद्रासकडून किंवा म्हैसूरकडून आलेल्या पत्रिकेंत चौकोनच निराळा असतो. त्यांत कडेनें बारा चौरस घरें, मध्यें रिकामी जागा. तेथें राशी स्थिर आहेत: वरच्या डाव्या कोपऱ्यांत मीन, तिच्या उजवीकडे मेष, आणि क्रम घड्याळाच्या कांट्याप्रमाणें. लग्नाच्या घरांत तिरपी रेघ ओढतात, आणि तेथूनच पहिलें घर मोजावयाचें. आपल्या चौकोनाच्या संवयीनें ती पत्रिका वाचली तर मीन हेंच लग्न आहे असा भास होतो.

मुंबईंतल्या जुन्या पत्रिका वाचतांना घड्याळाचीही चौकशी करावी. लग्न दर दोन तासांना सुमारें एक रास बदलतें. १९५५ पर्यंत मुंबई शहरांत प्रमाणवेळेपेक्षां ३९ मिनिटें मागें असलेली मुंबईची वेळ पुष्कळ ठिकाणीं चालत असे. आणि १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळें प्रमाणवेळच एक तास पुढें केलेली होती. आजीच्या वहींत नुसतें ‘सकाळीं सात’ असें लिहिलेलें असेल, तर तें कोणत्या घड्याळाचें हें ठरल्याखेरीज पहिल्या घरांत अंक लिहूं नये. तो अंक चुकला म्हणजे बाराही घरें चुकतात, आणि चौकोन पाहून तें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.