साडी तुमची, शिलाई माझी

साडीच्या दुकानात गिऱ्हाईक पदर खांद्यावर टाकून आरशात बघतं आणि मग हमखास एक प्रश्न येतो, "ब्लाऊज कुठे शिवून मिळेल हो?" दुकानदार मान वेळावून समोरच्या बोळाकडे बोट दाखवतो. बोळातल्या शिलाईवाल्या ताईंकडे रोज कुणीतरी विचारतं, "या रंगाची कॉटनची साडी जवळपास कुठे मिळेल?" त्याही बोट दाखवतात. दोघे एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवतच असतात, फक्त त्याची नोंद कुणाच्या वहीत होत नाही. दोन शेजारच्या धंद्यांनी मिळून एखादी ऑफर काढायची ठरवली, तर सुरुवात या बोटापासून होते.

हे दोन धंदे उदाहरणादाखल घेऊ आणि हिशेबही मांडू. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत, पण त्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणं अशा दुकानांत साधारण अशीच दिसतात.

दोघांपैकी प्रस्ताव कुणी मांडायचा? बहुतेक वेळा लहान धंद्याला गरज जास्त असते, म्हणून ताईंनी दुकानदार काकांकडे जायचं. इथेच पहिली चूक होते. "आपण दोघं मिळून काहीतरी करू या का?" असं विचारलं की समोरचा "बघू" म्हणतो आणि तिथेच विषय संपतो. त्याला त्यात काम वाढलेलं दिसतं, फायदा दिसत नाही. त्याऐवजी ताईंनी दोन आठवडे एक साधी गोष्ट करावी. शिवायला आलेली साडी कोणत्या दुकानाच्या पिशवीतून आली, ते मापाच्या वहीत एका कोपऱ्यात टिपून ठेवावं. अशा टिपणात फार मोठी माहिती असते. समजा शंभर साड्यांपैकी पंधरा काकांच्या पिशवीतल्या निघाल्या, तर उरलेल्या पंच्याऐंशी बायका ताईंच्या दारापर्यंत येतात, पण शेजारच्या काकांच्या दुकानात शिरत नाहीत. काकांना ऐकायचा आहे तो हा आकडा.

मग प्रस्ताव असा होतो: "काका, माझ्याकडे येणाऱ्या शंभर साड्यांपैकी पंधराच तुमच्या असतात. बाकीच्या बायकांना तुमच्याकडे पाठवायचं कारण मला द्या. आषाढात दहा दिवस, तुमच्याकडे दोन हजारांच्या वर साडी घेणाऱ्या बाईला अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई सहाशेऐवजी चारशे. चाळीस कूपनं, त्यापुढे नाही. कूपनं मी छापते. शनिवारी हिशेब करू." एवढंच. यात काकांचा फायदा आधी आला, मुदत आली, मर्यादा आली आणि काम कोण करणार तेही आलं. काकांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं आहे. हे बोलायला शनिवारी संध्याकाळी जाऊ नये, एवढं व्यवहारज्ञान सगळ्यांनाच असतं. तरी लोक जातात.

आषाढच का, याला कारण आहे. लग्नसराईत आणि दिवाळीआधी ताईंचं मशीन थांबत नाही. तेव्हा सवलत देणं म्हणजे पूर्ण भावाचं काम नाकारून अर्ध्या भावाचं घेणं. आषाढात दोन्हीकडे मंदी असते आणि समोर श्रावण उभा असतो. मंगळागौर, मग गौरी-गणपती. म्हणजे बाईला साडी हवीच आहे, फक्त ती दोन आठवडे आधी घ्यायला निमित्त हवं. चाळीस हा आकडाही हवेतून आलेला नाही. ताईंकडे दिवसाला सहा ब्लाऊज निघतात आणि आषाढात त्यातली तीनच जागा भरलेली असते. उरलेल्या तीनला चौदा दिवसांनी गुणलं की बेचाळीस होतात.

मर्यादा न घातल्यास काय होतं, याचा जगप्रसिद्ध दाखला ब्रिटनमधला आहे. 1992 मध्ये हूवर या कंपनीच्या ब्रिटिश शाखेने शंभर पौंडांच्या खरेदीवर दोघांची विमानाची परतीची तिकिटं फुकट देऊ केली, आधी युरोपची आणि मग अमेरिकेची. तिकीट शंभर पौंडांहून कितीतरी महाग, त्यामुळे लोकांनी व्हॅक्यूम क्लीनर नको असतानाही घेतले. मागण्या इतक्या आल्या की कंपनीला ती वचनं पुरी करता येईनात. कोर्टकचेऱ्या झाल्या, नुकसान सुमारे पाच कोटी पौंडांपर्यंत गेलं, आणि पुढे 1995 मध्ये मालक कंपनीने युरोपातला हा धंदाच विकून टाकला. ताईंच्या ऑफरमध्ये असं होणार नाही, पण चाळिसाऐवजी एकशेवीस ब्लाऊज आले आणि मंगळागौरीच्या सकाळी निम्मे शिवून झाले नाहीत, तर बोळात त्याचीच छोटी आवृत्ती घडेल.

आता दोनशे रुपयांची सूट कुणाच्या खिशातून जाणार? सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर "अर्धं-अर्धं" हेच येतं. ऐकायला न्याय्य वाटतं, पण ते नसतं. चोवीसशेच्या साडीत काकांना आठशे सुटतात असं धरू. सहाशेच्या शिलाईतून कारागिराचे अडीचशे, अस्तर, हुक, दोरा वगैरेचे ऐंशी वजा जाता ताईंना दोनशे सत्तर उरतात. शंभर-शंभर वाटून घेतले तर काकांचा आठवा हिस्सा जातो आणि ताईंचा एक तृतीयांशाहून जास्त. दुसऱ्याच आठवड्यात ताईंना ही ऑफर नकोशी होईल आणि कूपनवालीचा ब्लाऊज हळूच मागे सरकू लागेल. म्हणून सूट ज्याच्या त्याच्या नफ्याच्या प्रमाणात वाटावी. आठशे आणि दोनशे सत्तर म्हणजे साधारण तीनास एक. काकांनी दीडशे सोसावेत, ताईंनी पन्नास. गिऱ्हाईक ताईंना चारशे देतं, आणि काका दर शनिवारी जमा झालेली कूपनं मोजून प्रत्येकी दीडशे ताईंना देतात.

"एवढे दीडशे माझेच कशाला?" असं काका विचारतीलच. त्याला उत्तर हिशेबाचं आहे. चाळीस कूपनांचे काकांचे सहा हजार जातात. त्यातल्या बऱ्याच बायका ऑफर नसती तरी त्यांच्याकडे आल्याच असत्या. त्यांच्या बाबतीत ते दीडशे निव्वळ खर्च. प्रश्न एवढाच की केवळ ऑफरमुळे किती आल्या. सहा हजारांना आठशेने भागलं की साडेसात येतात. म्हणजे चाळिसांत आठ जणी खरोखर नव्या असल्या की काकांचा खर्च निघाला. ताईंचं गणितही तेच निघतं: दोन हजार भागिले दोनशे सत्तर, म्हणजे पुन्हा आठच्या आसपास. दोघांची पट्टी सारखी लागते, याचा अर्थ वाटणी बरोबर झाली.

करांच्या बाबतीत एक सावधगिरी. साडी आणि शिलाई एकाच किमतीला, एकाच बिलावर विकायचा मोह होतो. जीएसटीत वेगवेगळ्या दरांच्या गोष्टी अशा एका किमतीला जोडून विकल्या तर त्यातला चढा दर सगळ्या रकमेवर लागू शकतो. म्हणून साडीचं बिल काकांचं, शिलाईचं ताईंचं, आणि मधल्या दीडशेची नोंद कशी करायची ते आधीच करसल्लागाराला विचारून घ्यावं.

आता जाहीर करण्याची वेळ. इथे बहुतेक जोड्या एकच रंगीत चित्र बनवतात, दोन्ही बोधचिन्हं शेजारी-शेजारी लावतात आणि दोघेही तेच पुढे ढकलतात. वाचणाऱ्याला ते कुठल्याही जाहिरातीसारखं वाटतं. काकांची गिऱ्हाइकं आणि ताईंची गिऱ्हाइकं वेगळ्या कारणांनी बांधलेली असतात. काकांच्या यादीतली बाई साड्या ओळखते, तिची अडचण शिंप्याची आहे: वेळेवर मिळेल का, बाही नीट बसेल का. म्हणून काकांच्या संदेशात साडीचं कौतुक नको, ताईंची ओळख हवी: "आमच्या शेजारच्या ताई. कटोरी ब्लाऊज त्यांच्याइतका नेटका या भागात कुणी शिवत नाही." ताईंच्या यादीतल्या बाईचा ताईंवर विश्वास आहेच, तिला काकांच्या दुकानात काय मिळतं ते माहीत नाही. तिथे ताईंनी लिहावं: "माझ्या हाताखालून रोज साड्या जातात. काकांकडच्या कॉटनचा रंग धुतल्यावर उतरत नाही, हे मी बघितलंय." अर्थात हे खरं असेल तरच. दुसऱ्याच्या मालाची हमी आपल्या तोंडाने द्यायची, ही या धंद्यातली सगळ्यात महाग गोष्ट आहे.

शब्द वेगळे, पण अटी अक्षरशः सारख्या असायला हव्यात. दिवस कोणते, साडी किमान कितीची, अस्तर चारशेत धरलंय की नाही, पॅडचे वेगळे पैसे का, कूपन कधीपर्यंत वापरायचं, ब्लाऊज कधी हातात मिळणार. अस्तराचा मुद्दा लहान वाटतो, पण काउंटरवरची निम्मी भांडणं तिथेच होतात. शिवाय सुती ब्लाऊजपीस आधी पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. ते कोण करणार आणि ब्लाऊज बिघडला तर भरपाई कुणाची, हे संदेशात लिहायची गरज नाही, पण दोघांत आधी ठरलेलं असावं. इथे ती जबाबदारी ताईंची.

दोघांनी एकाच दिवशी, एकाच वेळी कळवावं. एकाने दोन दिवस आधी सांगितलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात कूपन मागतं आणि तिथल्या मुलाला काहीच माहीत नसतं. म्हणून काउंटरवरच्या मुलाला सगळ्यांच्या आधी सांगायचं. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर लक्षात ठेवा, एका ब्रॉडकास्ट यादीत 256 नावं बसतात आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनात साठवलाय त्यालाच संदेश पोचतो. हजार नंबर असणं आणि हजारांना पोचणं यात मोठा फरक असतो. म्हणून दारात छापलेली पाटीही हवी.

आणि एक गोष्ट मुळीच करायची नाही: नंबरांची यादी एकमेकांना द्यायची नाही. बाईने माप देताना नंबर ताईंना दिला, काकांना नाही. व्यक्तिगत माहिती संमती घेऊन, सांगितलेल्या कामापुरतीच वापरावी यासाठी देशात 2023 मध्ये कायदाही झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी अनोळखी नंबरावरून आलेला "तुमच्या मापाच्या ब्लाऊजवर सूट" हा संदेश कुणालाही खटकेल. काकांचं काकांनी सांगावं, ताईंचं ताईंनी.

गेल्याच आठवड्यात सहाशे भरून शिवायला टाकलेल्या जुन्या गिऱ्हाइकाचं काय? ती येणार, हे गृहीत धरून उत्तर तयार ठेवावं. ज्यांचा ब्लाऊज अजून कापलेला नाही त्यांना काकांकडून साडी घेतल्यास पुढच्या शिलाईवर कूपन, एवढं पुरतं. सरसकट सूट देऊ नये. तिच्या साडीचे दीडशे काका देणार नाहीत.

निकाल मोजायला कूपनाच्या मागच्या दोन चौकटी पुरतात: "साडीवाल्याकडे पहिल्यांदाच" आणि "शिलाईवालीकडे पहिल्यांदाच". वर्षभरात वहीत नाव नसलं की पहिल्यांदाच धरायचं आणि खूण काउंटरवरच करायची. दिव्यांच्या अवसेला कूपनं बंद करून दोघांनी बसावं. पहिल्या चौकटीत वीस खुणा आणि दुसरीत तीन आल्या, तर ऑफर काकांच्या कामाची झाली, ताईंच्या नाही. मग पुढच्या वेळी ताईंनी पन्नास सोसू नयेत, पूर्ण दोनशे काकांनी द्यावेत असं सरळ सांगावं. काका तयार झाले नाहीत तर हा करार इथेच थांबवायचा. आणि नवरात्राच्या तोंडावर काका "पुन्हा करू या" म्हणत आले, तर ताईंनी मापाची वही उघडून आधी मोकळे दिवस मोजावेत.