‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहिण्याआधी

बंद पडलेल्या दुकानाच्या शटरवर एक कागद हमखास दिसतो: ‘काही अपरिहार्य कारणास्तव व्यवसाय बंद करण्यात येत आहे.’ ही पाटी गिऱ्हाइकासाठी ठीक आहे. पण तेच वाक्य मालकाने कामगारांच्या पत्रात लिहिले, तर त्याला निराळाच अर्थ येतो.

कारखाना किंवा आस्थापना बंद झाली की वर्षभराहून अधिक सलग नोकरी झालेल्या कामगाराला भरपाई मिळते. प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, असा तिचा हिशेब. मालकाच्या हाताबाहेरच्या, खरोखर अटळ कारणाने धंदा बंद झाला असेल, तर मात्र ही भरपाई जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराइतकीच असते. निव्वळ पैशाची ओढाताण, साचलेला तोटा, न खपलेला माल किंवा संपलेला भाडेकरार ही कारणे अटळ धरली जात नाहीत. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे स्पष्ट लिहिले होते आणि नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही तेच तत्त्व ठेवले आहे. त्यामुळे ‘अपरिहार्य’ हा शब्द वाचून जाणत्या कामगाराच्या मनात पहिली शंका येते ती पैशांची.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या पेठेत चौदा माणसांचा एक ऑफसेट छापखाना आहे, अशी कल्पना करा. लग्नपत्रिका मोबाइलवर गेल्या, बिलबुके संगणकावर गेली आणि मालकाने थांबायचे ठरवले. पत्राची तारीख सोमवार, १ जून २०२६. कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, ३१ जुलै. साठ दिवस आधी सरकारला कळवण्याची सक्ती पन्नासहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी नसते. इथे कामगारांना एक महिन्याची नोटीस पुरली असती. पण दुसरीकडे काम शोधायला दोन महिने मिळावेत, म्हणून मालकाने मुदत वाढवली.

पत्राची सुरुवात अशी: ‘आपला छापखाना शुक्रवार, ३१ जुलै २०२६ रोजी बंद होईल. गेली तीन वर्षे कामे कमी होत गेली आणि मशीनचा हप्ता निघेनासा झाला, हे त्याचे कारण आहे. तोपर्यंतचा पगार नेहमीच्या तारखेला मिळेल.’ वडिलांनी धंदा कसा उभारला, ही कहाणी इथे नाही. पहिल्याच ओळीत तारीख वाचल्यावर माणूस पुढचे काही वेळ वाचतच नाही, मनात घरचा हिशेब मांडू लागतो. म्हणून पत्रातली पुढची ओळ पैशांची हवी.

तिथे ‘सर्व देणी नियमानुसार दिली जातील’ एवढे लिहून भागत नाही. कामगाराला स्वतः ताडून पाहता येईल असा हिशेब हवा. बायंडिंग विभागातल्या एका कामगाराची नोकरी बावीस वर्षे सात महिने झाली आहे, असे धरा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १८,००० रुपये, बाकी भत्ते नाहीत. वरचे सात महिने सहा महिन्यांहून जास्त असल्याने नोकरी तेवीस वर्षांची धरायची. ग्रॅच्युइटी काढताना महिना सव्वीस दिवसांचा मानतात: १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले २३. येतात सुमारे २,३८,८४६ रुपये. भरपाईचा हिशेब वेगळा असतो. तिथे पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, म्हणजे ९,००० रुपये. तेवीस वर्षांचे २,०७,००० झाले. दोन्ही मिळून ४,४५,८४६ रुपये. ‘अपरिहार्य’ शब्दाच्या आडोशाने भरपाई तीन महिन्यांवर आणली असती, तर दोन लाख सात हजारांच्या जागी ५४,००० उरले असते. एका शब्दाने दीड लाखाचा फरक पडतो, तो असा.

प्रत्येकाचा असा हिशेब सामायिक पत्रात येत नाही, तो वेगळ्या कागदावर ज्याच्या त्याच्या हाती द्यायचा. पत्रात फक्त तारखा. वेतन संहितेनुसार आस्थापना बंद झाली तर राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. इथे रविवारची सुट्टी धरून ती मुदत सोमवार, ३ ऑगस्टला संपते. ग्रॅच्युइटीला तीस दिवस मिळतात. मालकाने लिहिले: ‘पगार आणि भरपाई ३१ जुलैला, ग्रॅच्युइटी २८ ऑगस्टपर्यंत, सर्व रक्कम बँक खात्यात. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख मी स्वतः भरेन. अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशी हाती मिळेल.’ निधीच्या नोंदीत ती तारीख भरली नाही, तर पैसे काढताना कामगार अडकतो. अशा वेळी तो बंद छापखान्याच्या दाराशी कुणाला शोधणार?

या तारखा पाळायच्या तर पैसा आधी दिसायला हवा. ‘मशीन विकले की देतो’ हे वचन नव्हे, ती आशा झाली. शिवाय मशीनवर बँकेचे कर्ज असेल, तर बँकेचा ना हरकत दाखला हाती आल्याशिवाय ते विकता येत नाही. म्हणून या मालकाने बँकेशी बोलणे आणि ग्राहकांकडची उधारी वसूल करणे, दोन्ही मे महिन्यातच सुरू केले. पत्र लिहिले ते त्यानंतर.

पुरवठादारांना वेगळे पत्र जाते, त्याच दिवशी, पण कामगारांना सांगून झाल्यावर. कागदाचा टेम्पो घेऊन आलेल्या माणसाकडून मशीनमनला आपली नोकरी गेल्याचे कळावे, याहून वाईट काही नाही. कागदवाला, शाईवाला, प्लेटवाला यांना तीन तारखा हव्या असतात: शेवटची ऑर्डर कधी, बिल कधीपर्यंत द्यायचे आणि पैसे कधी मिळणार. पत्रात ते असे आले: ‘१० जुलैनंतर माल मागवणार नाही. सोबत आपला खातेउतारा जोडला आहे. आपल्या वहीशी मेळ बसत नसेल तर ३० जूनपर्यंत कळवा. न फोडलेली रिमे परत घेणार असाल तर तेही सांगा.’

धंदा बंद होतो आहे म्हणून देण्याला जास्त मुदत मिळत नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तरी पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. जीएसटी नोंदणीही घाईने रद्द करू नये. मशीन विकल्याचे बिल आणि परत दिलेल्या मालाचे हिशेब आधी पुरे होऊ द्यावेत. नोंदणी रद्द झाली की तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते.

आता उरले आभार. ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल ऋणी आहोत’ हे वाक्य निवृत्तीच्या समारंभातही चालते. या मालकाने कामगारांना लिहिले: ‘लॉकडाउनमध्ये चार महिने अर्धा पगार घेऊनही तुम्ही दुसरीकडे गेला नाहीत.’ कागदवाल्याला लिहिले: ‘त्या वर्षी दिवाळी अंकाचा कागद आगाऊ पैसे न घेता उतरवलात.’ ही वाक्ये पत्राच्या शेवटी आहेत. हिशेबाआधी आली असती, तर सवलत मागण्याची प्रस्तावना वाटली असती.

सहीच्या वर आणखी एक ओळ आहे: ‘छापखान्याचा फोन ३१ जुलैला बंद होईल. दाखला, निधीचा अर्ज, राहिलेले बिल यांसाठी पुढे वर्षभर माझा मोबाइल चालू राहील.’ शटरवरच्या पाटीत फोन नंबर नसतो.