चारशे घरांचे मोल

पाहणीच्या अहवालात जे प्रकरण बहुतेक वाचक न वाचताच उलटून पुढे जातात, आणि जे लिहिताना लेखकालाही आपण केवळ एक शिरस्ता पाळीत आहोत असे वाटत असते, ते नमुना-निवडीचे प्रकरण मी प्रथम लिहिले, तेव्हा त्याचा मसुदा आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समासात एकच प्रश्न लिहून मला परत केला होता. प्रश्न असा होता: ‘गावे किती?’

पाहणी पाण्याची होती. एका जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातील पाच तालुक्यांत, सुमारे नऊशे गावांत आणि एक लाख ऐंशी हजार कुटुंबांत, भर उन्हाळ्यात घराच्या आवाराबाहेरून पाणी वाहून आणावे लागणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण किती, हे ठरवावयाचे होते. मी मसुद्यात लिहिले होते की, प्रमाण आधी ठाऊक नसल्यामुळे ते निम्मे धरले, शंभरात पंच्याण्णव वेळा खरी ठरेल अशी खात्री आणि दोन्ही बाजूंस पाच टक्क्यांपर्यंतची त्रुटी चालेल असे मानले, आणि कोष्टकातून ३८४ हा आकडा मिळाला. तो सोयीसाठी ४०० केला. यातील गणितात चूक नव्हती. निम्मे प्रमाण धरणे हे सर्वांत सावध गृहीत होय, कारण होकार-नकार समसमान असतात तेव्हाच चंचलता सर्वाधिक असते. परंतु तो ३८४ आकडा एका अटीवर उभा आहे: एक लाख ऐंशी हजार कुटुंबांच्या चिठ्ठ्या एकाच घागरीत घालून त्यांतून एकेक चिठ्ठी काढावी, तशी निवड झालेली असली पाहिजे. आम्ही तसे करणार नव्हतो, आणि कोणालाच ते करता येत नाही; कारण चारशे चिठ्ठ्या तीनशेच्या आसपास गावांत विखुरतील आणि एकेका घरासाठी एकेक दिवस खर्ची पडेल. आम्ही वीस गावे घेऊन प्रत्येकात वीस घरे पाहणार होतो, आणि ही गोष्ट मी मसुद्यात पुढल्या परिच्छेदात, जणू तिचा आधीच्या आकड्याशी काही संबंधच नाही अशा रीतीने, नमूद केली होती.

तो संबंध काय, हे मला पाण्यानेच समजावून दिले. ज्या गावची नळयोजना चालू असते, तेथे बहुतेक घरांत नळ असतो. जेथे विहीर आटलेली असते, तेथे बहुतेक घरांतून घागरी निघतात. म्हणून एका गावात दहा घरे पाहिल्यावर अकरावे घर नवे असे फारसे सांगत नाही. आधीच्या दहांनी जे सांगितले त्याचीच बव्हंशी पुनरुक्ती करते. एकाच गावातील घरांच्या या साम्याला शून्य ते एक या दरम्यानचा एक गुणांक देतात. शेजारच्या भागातील जुन्या पाहणीचे दफ्तर काढून आम्ही तो मोजला, तेव्हा तो ०.२ च्या आसपास आला. मग हिशेब सरळ आहे: गावामागे जितकी घरे, त्यांतून एक वजा करावे, साम्याच्या गुणांकाने गुणावे आणि त्यात एक मिळवावा. वीस घरांसाठी हे उत्तर ४.८ येते, म्हणजे चारशे घरांची माहिती घागरीतून काढलेल्या अवघ्या त्र्याऐंशी चिठ्ठ्यांइतकीच ठरते, आणि माझ्या मसुद्यातील पाच टक्क्यांची त्रुटी प्रत्यक्षात पावणेअकरा टक्क्यांच्या घरात जाते. अहवालात पन्नास टक्के म्हणून छापलेला आकडा एकोणचाळीसही असू शकला असता आणि एकसष्टही. आणि वाचकाला मात्र आम्ही पंचेचाळीस ते पंचावन्न अशी हमी दिली असती.

त्यानंतरचे आठ दिवस ते ज्येष्ठ सहकारी आणि मी एकाच प्रश्नाशी झुंजत होतो. तेवढ्याच चारशे घरांसाठी चाळीस गावे घेतली आणि गावामागे दहा घरे ठेवली, तर त्रुटी ८.२ टक्क्यांवर येत होती. ऐंशी गावे आणि गावामागे पाच घरे घेतली, तर ६.६ वर. उलट चाळीस गावेच ठेवून घरे दुप्पट, म्हणजे आठशे केली, तर एवढ्या वाढीव श्रमानंतरही ती ७.६ च्या खाली उतरत नव्हती. काम करणाऱ्या माणसाच्या सहज बुद्धीला हे उलटे वाटते, कारण गावात एकदा पोचल्यावर आणखी दहा घरे करणे स्वस्त असते, आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर आठशे हा आकडा भारदस्तही दिसतो. परंतु प्रत्येक नव्या गावात प्रथम सगळ्या घरांची यादी करावी लागे, त्यात एक पूर्ण दिवस जाई, आणि पाऊस पडण्यापूर्वी काम संपवावयाचे असल्याने ऐंशी गावे आमच्या चार जोड्यांना मुदतीत होण्यासारखी नव्हती. म्हणून चाळीस गावे ठरली. हे कारण मी प्रकरणात जसेच्या तसे लिहिले: मुदत एवढी, माणसे एवढी, त्यामुळे त्रुटी आठ टक्के अपेक्षित आहे, पाच नव्हे. नमुन्याच्या आकाराचे समर्थन म्हणजे कोष्टकाचा हवाला देणे नव्हे, तर कोणता खर्च टाळून किती अनिश्चितता पत्करली याची कैफियत देणे होय, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

प्रकरणाच्या याच परिच्छेदात आणखी एक वाक्य घालावे लागले. पाहणी करवून घेणाऱ्यांना तालुकावार आकडे हवे होते. सरासरीने तालुक्यास आठ गावे आणि ऐंशी घरे येत होती, आणि तेवढ्यावर त्रुटी अठरा टक्क्यांवर जात होती. म्हणून ‘या नमुन्यावरून तालुक्यांची परस्पर तुलना करू नये’ असे स्पष्ट लिहिले, आणि तालुक्याचे कोष्टक अहवालात छापले नाही. या एका वाक्यावरून जितकी नाराजी झाली, तितकी बाकी साऱ्या अहवालावरून झाली नाही.

निवडीच्या पद्धतीविषयी फार लिहावे लागत नाही, पण जे लिहावयाचे ते दुसऱ्या माणसाला तंतोतंत पुन्हा करता येईल असे असले पाहिजे. ‘गावे यदृच्छेने निवडली’ एवढ्याने काहीच कळत नाही. आम्ही जनगणनेतील गावे तालुकावार क्रमाने मांडली, प्रत्येकापुढे कुटुंबसंख्येची चालती बेरीज लिहिली, एकूण एक लाख ऐंशी हजारांना चाळीसने भागून ४५०० हे अंतर काढले, आणि यदृच्छ अंकांच्या कोष्टकातून २७३१ हा आरंभांक घेतला. ज्या गावाच्या बेरजेत २७३१ वे कुटुंब पडले ते पहिले गाव, ज्यात ७२३१ वे पडले ते दुसरे, याप्रमाणे. मोठ्या गावाला निवडले जाण्याची संधी त्याच्या आकाराच्या प्रमाणात अधिक मिळते, आणि पुढे गावागावांतून सारखीच दहा घरे घेतल्याने शेवटी कुटुंबाकुटुंबाची संधी समान होते.

समान होते, परंतु जनगणनेची कुटुंबसंख्या खरी असेल तरच. येथे या कामातील खरी अडचण सुरू होते. गावात घरांची यादी कोठून आणावयाची? ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना ८ ची आकारणी नोंदवही असते, आणि ती तयार मिळत असल्याने अनेक पाहण्या तिच्यावरूनच होतात. पण ती नोंद मिळकतींची आहे, कुटुंबांची नव्हे. एका मिळकतीत तीन भावांच्या तीन चुली असतात, आणि गायरानात किंवा वनजमिनीवर वसलेल्या वस्तीची तेथे अनेकदा नोंदच नसते. एका गावी जनगणनेत २४० कुटुंबे होती. आमच्या माणसांनी वाड्यावस्त्या पायी फिरून घरयादी केली, तेव्हा ती ३१० भरली. वाढलेल्या सत्तरांपैकी बरीचशी ओढ्यापलीकडील वस्तीत होती, आणि पाण्यासाठी सर्वांत लांब जाणारीही तीच होती. नोंदवहीवरून निवड केली असती, तर त्या वस्तीतील एकही घर नमुन्यात येणे शक्य नव्हते, आणि ही चूक आठ टक्क्यांच्या त्रुटीत मोजली गेली नसती. गावे ऐंशी केली असती, तरी ती तशीच राहिली असती. त्या गावच्या घरांना म्हणून ३१० भागिले २४०, म्हणजे सुमारे १.३ इतका भार दिला, आणि चाळीसही गावांचे असे भार परिशिष्टात छापले.

त्रुटी आणि कल हे दोन वेगळे दोष आहेत, आणि नमुना मोठा केल्याने पहिला घटतो पण दुसरा घटत नाही, हे आपल्या देशात पीकपाहणीने फार पूर्वी दाखवून दिले आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात निदर्शनास आणले की, शेतात लहान तुकडे आखून पीक कापले असता उत्पन्नाचा अंदाज खऱ्यापेक्षा चढा येतो, कारण रेषेवर उभी असलेली रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा हात वळतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्रफळाच्या मानाने सीमारेषा अधिक. असे तुकडे हजारो घेतले, तरी सरासरी त्याच चढ्या आकड्यावर अधिक ठामपणे स्थिर होते. आमची ओढ्यापलीकडील वस्ती हीही सीमारेषेवरचीच रोपे होती. फक्त येथे हात बाहेर ढकलणारा होता.

राहिला प्रश्न न भेटलेल्या घरांचा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतलेली असावीत म्हणून आम्ही मे महिना धरला होता, आणि प्रत्येक घरी तीन खेपा, त्यांपैकी एक सूर्योदयापूर्वी, असा नियम केला होता. कुलूप असलेल्या घराऐवजी शेजारचे घर घेण्यास सक्त मनाई होती. कारण ज्याच्या दारी सदैव माणूस असते ते घर, आणि ज्यातील सर्वजण मजुरीला जातात ते घर, पाण्याच्या बाबतीत एकसारखे नसते. अखेरीस ४०० पैकी ३७१ घरे झाली. त्यांतील १७१ घरे पाणी बाहेरून आणीत होती, म्हणजे शेकडा शेहेचाळीस. आणि भार लावल्यावरही आकडा तेथेच राहिला. उरलेली एकोणतीस घरे सर्वच नळवाली मानली तर प्रमाण त्रेचाळीसवर येते, सर्वच घागरवाली मानली तर पन्नासवर जाते. ही दोन टोके मी प्रकरणात लिहिली, कारण न भेटलेली घरे भेटलेल्यांसारखीच असतील असे म्हणण्यास आमच्याजवळ कसलाही पुरावा नव्हता.

गावागावांतील प्रत्यक्ष फरकावरून त्रुटी पुन्हा मोजली, तेव्हा ती अपेक्षित ८.२ ऐवजी ९ टक्के निघाली; या भागातील गावे आतून आमच्या अंदाजापेक्षा अधिक एकसारखी होती. क्षेत्रकार्यापूर्वी लिहिलेला ८.२ चा आकडा मी खोडला नाही. अहवालाच्या सतराव्या पानावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले आहेत, आणि परिशिष्टात चाळीस गावांच्या यादीच्या माथ्यावर आरंभांक २७३१ दिला आहे.