वाटीखालची बटणं

पहिलीतलं मूल एक ते शंभर घडाघडा म्हणून दाखवतं, पाहुण्यांकडून शाबासकी मिळवतं आणि घरचे निर्धास्त होतात. मग कुणीतरी सहज विचारतं, ‘‘पाच अधिक तीन किती?’’ मूल एका हाताची पाच बोटं एकेक करून मोजतं, दुसऱ्या हाताची तीन मोजतं आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सगळी मोजून ‘आठ’ म्हणतं. उत्तर बरोबर असतं, पण प्रत्येक बेरजेला एकपासून सुरुवात करणारं मूल मोठ्या आकड्यांपाशी थकतं आणि गणिताला कंटाळतं. सहाव्या वर्षी हीच पायरी ओलांडायची असते. त्यासाठी एक वाटी, वीसेक बटणं आणि थोडी सुटी नाणी एवढं सामान पुरतं.

आधी मोजणी पक्की आहे का, ते बघून घ्यावं. सात बटणं ओळीत मांडून मुलाला मोजायला सांगा. ‘सात’पर्यंत मोजून झालं की लगेच विचारा, ‘‘मग किती आहेत?’’ काही मुलं ‘सात’ म्हणतात, तर काही पुन्हा एक, दोन, तीन असं मोजायला लागतात. मोजताना शेवटी जो आकडा आला तीच एकूण संख्या, हे या दुसऱ्या मुलांना अजून उमगलेलं नसतं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीमागची तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक महत्त्वाचं तत्त्व. एका वस्तूला एकच आकडा आणि आकड्यांचा क्रम ठरलेला, ही त्यातलीच आणखी दोन.

असं मूल घरात असेल तर त्याला शिकवायला बसू नका, त्याला मास्तर करा. आजीने मुद्दाम चुकीचं मोजायचं. एक बटण दोनदा मोजायचं, एखादं गाळायचं, नाहीतर ‘चार, सहा’ म्हणायचं. नातीने चूक पकडायची. मोठ्यांची चूक काढायला मिळते म्हणून मुलं हा खेळ पुन्हा पुन्हा मागतात, आणि चूक कुठे झाली हे सांगता सांगता नियम त्यांच्याच तोंडून बाहेर पडतो.

आता वाटीकडे येऊ. पाच बटणं मुलासमोर मोजा आणि त्यावर वाटी पालथी घाला. वाटीबाहेर तीन बटणं ठेवा आणि विचारा, ‘‘सगळी मिळून किती?’’ वाटीखालची बटणं दिसत नाहीत, त्यामुळे ती पुन्हा मोजायची सोय उरत नाही. ‘तिथे पाच आहेत’ हे मनात धरून पुढे जावंच लागतं. वाटीवर टिचकी मारून ‘पाच’, मग बाहेरच्या बटणांवर बोट ठेवत ‘सहा, सात, आठ’. सगळं पहिल्यापासून मोजण्याऐवजी पुढे मोजणं ते हेच.

इथे एक चूक हमखास होते. मूल बाहेरच्या पहिल्याच बटणावर बोट ठेवून ‘पाच’ म्हणतं, मग ‘सहा, सात’, आणि उत्तर येतं सात. प्रत्येक बेरजेचं उत्तर नेमकं एकाने कमी येत असेल तर गडबड हीच आहे असं समजावं. ‘चुकलं’ म्हणण्याऐवजी वाटी उचलून सगळी बटणं मोजू द्या. पुढच्या डावात ‘पाच’ म्हणताना हात वाटीवरच राहील आणि ‘सहा’ म्हणतानाच बोट पहिल्या बटणावर जाईल, एवढं पाहा. बोटांवर मोजत असेल तर मोजू द्या. पुढे मोजायला बोटंच कामाला येतात.

हा खेळ रुळला की उलटा करा. एकूण सात बटणं मुलाला मोजून दाखवा, त्याला डोळे मिटायला लावून काही वाटीखाली लपवा. डोळे उघडल्यावर बाहेर चार दिसतात, तर आत किती? वजाबाकी हा शब्दही न उच्चारता वजाबाकी सुरू होते. सुरुवातीला एकूण बटणं पाच-सहाच ठेवावीत, कारण तीन-चार वस्तू आपल्याला न मोजता एका नजरेत कळतात आणि मुलाला अंदाज बांधता येतो.

तिसरा टप्पा दहाचा. कागदावर दोन ओळींत पाच-पाच अशी दहा घरं आखा. समजा आठ अधिक पाच करायचे आहेत. आठ घरांत आठ लाल बटणं ठेवा, पाच पांढरी बाजूला ठेवा. दोन घरं रिकामी आहेत हे मुलाला लगेच दिसतं. पाचातली दोन पांढरी बटणं तिथे बसवली की चौकट भरते आणि बाहेर तीन उरतात. दहा आणि तीन म्हणजे तेरा. ‘आठला दहा व्हायला दोन कमी’ हे इथे डोळ्यांना दिसतं आणि काही दिवसांनी चौकट समोर नसतानाही आठवतं.

मराठीत या टप्प्यावर थोडं जास्त थांबावं लागतं. ‘तेरा’ ऐकून त्यात दहा आणि तीन दडले आहेत हे मुलाला कळत नाही, आणि ‘पंचवीस’मध्ये वीसच्या आधी पाच येतात. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाचीही सोय दिली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. घरी खेळताना ‘दहा आणि तीन, तेरा’ अशी दोन्ही नावं जोडीने म्हटली तर वादाचं कारण नाही आणि मुलाचं कामही सोपं होतं.

नाणी मात्र सगळ्यात शेवटी काढावीत. पाचाचं एक आणि रुपयाची दोन नाणी दाखवून ‘किती रुपये?’ विचारलं, तर बरीच मुलं ‘तीन’ म्हणतात. त्यांनी नाणी मोजलेली असतात. एका नाण्यात पाच रुपये मावतात, ही कल्पना त्यांना नवी असते. म्हणून आधी फक्त रुपयाची नाणी घ्या. फासा टाकायचा, जितकं दान पडेल तितके रुपये डब्यातून उचलायचे. पाच रुपये जमले की ते ‘बँके’त देऊन पाचाचं नाणं घ्यायचं, दोन पाचांची नाणी झाली की दहाची नोट. ज्याच्याकडे आधी वीस रुपये जमतील तो जिंकला. मोड करून द्यायचं काम मुलाकडे ठेवा, कारण खरं गणित त्या अदलाबदलीत आहे. दोन रुपयांची नाणी सुरुवातीला बाजूलाच ठेवा, काही नाणी रुपयासारखीच दिसतात आणि उगाच गोंधळ होतो.

घरात लहान भावंड असेल तर बटणं आणि नाणी खेळ संपताच मोजून उचलावीत. तोंडात जाणार नाहीत अशी मोठी झाकणं घेतलेली आणखी बरी. घड्याळातले किंवा रिमोटमधले बटणासारखे छोटे सेल तर या डब्यात कधीच नकोत. ते गिळले तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते.

दहा-पंधरा मिनिटं पुरेत, आणि मूल ‘अजून एक डाव’ म्हणत असतानाच खेळ थांबवावा. कागदावर ‘८ + ५’ लिहून द्यायची घाई नको. वाटी न उचलता मूल बरोबर उत्तर सांगायला लागलं आणि ‘कसं काढलंस?’ विचारल्यावर त्याला ते सांगताही आलं, की मगच वही-पेन्सिल द्या.